बिलं आणि सबस्क्रिप्शनची आठवण: एका साध्या शीटचा आठ महिन्यांचा अनुभव

आठवण करून देणारी तयार ॲप्स पुष्कळ आहेत. हा अनुभव मात्र त्यांतल्या एकाचाही नाही. एक स्प्रेडशीट आणि फोनमधलं कॅलेंडर, एवढ्यावरच आठ महिने सगळी बिलं आणि सबस्क्रिप्शन्स सांभाळली. सुरुवातीची मांडणी तीन ठिकाणी फसली. ती का फसली आणि कशी दुरुस्त झाली, हेच सविस्तर लिहितो, कारण ॲप वापरलं तरी याच तीन जागा तपासून घ्याव्या लागतात.

मांडणी छोटी आहे. एका ओळीत एक देणं. A मध्ये नाव, B मध्ये पैसे कशातून जातात (कुठलं कार्ड, कुठलं खातं की हाताने भरायचे), C मध्ये पहिली देय तारीख, D मध्ये दर किती महिन्यांनी, E मध्ये आतापर्यंत किती वेळा भरले, F मध्ये पुढची देय तारीख, G मध्ये रक्कम. F मध्ये हाताने काही लिहायचं नाही, ती तारीख सूत्राने येते. पहिली चूक इथेच झाली होती.

सुरुवातीला पुढची तारीख मागच्या तारखेवरून काढली होती, म्हणजे मागची तारीख अधिक एक महिना. ज्या बिलाची मुदत ३१ तारखेला असते, त्याचं यात काय होतं ते पाहा. ३१ जानेवारीनंतर एक महिना म्हणजे २८ फेब्रुवारी, इथपर्यंत ठीक. पण २८ फेब्रुवारीनंतर एक महिना म्हणजे २८ मार्च. ३१ एकदा हातची गेली की परत येत नाही आणि ते बिल कायमचं २८ तारखेला चिकटतं. नेहमी C मधल्या पहिल्या देय तारखेपासून मोजायचं, हा यावरचा उपाय:

```
=EDATE(C2, D2*E2)
```

आता फेब्रुवारीत २८, मार्चमध्ये पुन्हा ३१, एप्रिलमध्ये ३० असं बरोबर येतं. शीट वर्षाच्या मधेच सुरू करत असाल तर C मध्ये खरा ठरलेला दिवस येईल अशीच तारीख लिहा. फेब्रुवारीत सुरुवात केली म्हणून २८ फेब्रुवारी लिहू नका. ३१ जानेवारी लिहा आणि जानेवारीचं बिल भरल्याची एक नोंद आधीच टाका.

कॅलेंडरमध्ये ही अडचण उलट्या बाजूने येते. दर महिन्याच्या ३१ तारखेची आठवण लावली, तर ज्या महिन्यात ३१ नाही त्या महिन्यात ती येतच नाही. कॅलेंडरच्या आयकॅलेंडर या मानकातच, अस्तित्वात नसलेली तारीख सोडून द्यावी असा नियम आहे. म्हणजे वर्षातले पाच महिने शांतता. म्हणून महिनाअखेरची आठवण कॅलेंडरमध्ये २८ तारखेला लावावी, किंवा सोय असेल तर ‘महिन्याचा शेवटचा दिवस’ हा पर्याय निवडावा.

E मधला आकडा या मांडणीचा खरा कणा आहे. दुसऱ्या पानावर ‘नोंद’ नावाची यादी ठेवली. तिच्या A मध्ये नाव, B मध्ये भरल्याची तारीख, C मध्ये भरलेली रक्कम. पहिल्या पानावरचा E त्या नोंदी मोजतो:

```
=COUNTIF('नोंद'!A:A, A2)
```

याचा मोठा फायदा असा, की बिल भरल्याची नोंद होत नाही तोवर देय तारीख पुढे सरकतच नाही. कॅलेंडरमधली आठवण बोटाने बाजूला सारली की संपते, मग बिल भरलेलं असो वा नसो. इथे मुदत उलटली की ओळ लाल होते आणि नोंद होईपर्यंत लालच राहते. आठ महिन्यांत सर्वात उपयोगी पडलेली गोष्ट हीच.

पण मोजणी कशी चुकते तेही माहीत हवं. नावात एक जागा जास्त पडली तर नोंद मोजली जात नाही आणि भरलेलं बिल लाल दिसत राहतं. ही चूक त्रासाची असली तरी निरुपद्रवी, कारण ती डोळ्यांसमोर असते. घातक चूक याच्या उलट आहे. एकच भरणा चुकून दोनदा नोंदला, किंवा एक बिल दोन तुकड्यांत भरून दोन ओळी लिहिल्या, तर शीट एक महिना पुढे उडी मारते आणि पुढच्या बिलाची सूचनाच येत नाही. यासाठी एक पडताळणीचा रकाना ठेवलाच पाहिजे:

```
=F2 > EDATE(TODAY(), D2) + 10
```

पुढची तारीख वाजवीपेक्षा लांब गेली की इथे TRUE दिसतं. दहा दिवसांची सूट एवढ्यासाठी, की काही बिलं मुदतीच्या आठवडाभर आधीच भरली जातात आणि तेव्हा उगाच शंका येऊ नये. तुकड्यांत भरलेल्या बिलाची नोंद मात्र पूर्ण रक्कम भरून झाल्यावर एकाच ओळीत करावी.

दुसरी फसलेली जागा म्हणजे आगाऊ सूचना. सगळ्यांना सरसकट तीन दिवस आधी अशी सूचना लावली होती. ती बिलाला अपुरी पडली आणि सबस्क्रिप्शनला निरुपयोगी ठरली. सूचना देय तारखेपासून मोजायची नसते. जे काम करायचं आहे ते ज्या दिवसापर्यंत करता येतं, त्या दिवसापासून मोजायची असते.

हाताने भरायच्या बिलात काम म्हणजे पैसे पोचवणं. पैसे जमा व्हायला कामकाजाचे दोन दिवस लागत असतील आणि मुदत रविवारी असेल, तर शनिवार-रविवार सुट्टी धरून पैसे बुधवारीच निघायला हवेत. ती तारीख अशी काढता येते:

```
=WORKDAY(F2+1, -3)
```

इथे तीनातला एक दिवस मुदतीचा, किंवा मुदत सुट्टीत असेल तर तिच्या अलीकडच्या कामकाजाच्या दिवसाचा, आणि उरलेले दोन जमा होण्याचे. सुट्ट्यांची यादी वेगळ्या रकान्यात ठेवून ती सूत्रात तिसरी जोडता येते. सुट्टीचे वार वेगळे असतील तर WORKDAY.INTL वापरावं.

आपोआप पैसे कापणाऱ्या सबस्क्रिप्शनमध्ये भरण्याचं काही काम नसतंच. तिथे काम म्हणजे ठेवायचं की बंद करायचं हे ठरवणं. पैसे कापल्यावर आलेल्या आठवणीचा उपयोग नाही. काही सेवांना नूतनीकरणाच्या किमान २४ तास आधी रद्द केलेलं लागतं. शिवाय नूतनीकरणाची वेळ सेवेच्या घड्याळाप्रमाणे ठरत असेल तर पैसे आपल्या तारखेच्या आदल्या दिवशीही कापले जाऊ शकतात. म्हणून मासिक सबस्क्रिप्शनसाठी निर्णयाची तारीख तीन दिवस आधी आणि वार्षिकसाठी १५ दिवस आधी ठेवली. मोफत चाचणीची ओळ ती सुरू करतानाच शीटमध्ये लिहायची, नंतर नाही. ॲप फोनमधून काढून टाकल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही, हेही इथे सांगून ठेवतो.

शीट स्वतःहून आवाज देत नाही, ती उघडावी लागते. त्यासाठी कॅलेंडरमध्ये आठवड्यातून एकदा एकच आठवण ठेवली: शीट उघडा. मात्र यात एक हिशेब पाळावा लागतो. शीट सात दिवसांनी उघडणार असाल, तर काम जवळ आल्याची खूण म्हणून ओळ पिवळी होण्याची मुदत कामाच्या तारखेआधी किमान सात दिवस हवी. ती पाच ठेवली तर एखादं बिल दोन तपासण्यांच्या मधे गळतं. दहा दिवस ठेवले तर एखादी तपासणी दोन-तीन दिवस लांबली तरी निभावतं. दर बिलाला वेगळी घंटा लावण्यापेक्षा हे जास्त टिकाऊ ठरलं, कारण रोज वाजणाऱ्या घंटेकडे लक्ष जाईनासं होतं.

दर वेळी बदलणाऱ्या बिलांना आणखी एक तारीख लागते: बिल हातात यायला हवं तो दिवस. मुदतीच्या सात दिवस आधीपर्यंत बिल आलंच नसेल, तर तीच सूचना समजून चौकशी करायची. तोवर G मध्ये गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याची रक्कम धरावी. ऋतूप्रमाणे कमी-जास्त होणाऱ्या बिलात मागच्या तीन महिन्यांची सरासरी हमखास चकवते.

तिसरी जागा महिन्याच्या बेरजेची. सुरुवातीचं सूत्र या महिन्यात येणाऱ्या देय तारखांच्या रकमा मिळवत होतं. पण बिल भरलं की त्याची तारीख पुढच्या महिन्यात जाते, त्यामुळे बेरीज महिनाभर घटत जायची आणि अखेरीला शून्यावर यायची. ती बेरीज ‘किती उरले’ हे सांगत होती, ‘महिन्याचे किती’ हे नाही. आता भरलेलं आणि उरलेलं एकत्र धरतो. M1 मध्ये महिन्याची पहिली तारीख:

```
=SUMIFS('नोंद'!C:C,'नोंद'!B:B,">="&M1,
 'नोंद'!B:B,"<="&EOMONTH(M1,0))
 +SUMIFS(G:G,F:F,"<="&EOMONTH(M1,0))
```

तरीही हा आकडा एकटा पुरत नाही. चार देणी घ्या: महिन्याला ५००, दर तीन महिन्यांनी ९००, वर्षाला २४०० आणि दर २८ दिवसांनी ३००. २८ दिवसांचं देणं महिन्याचं समजणं ही नेहमीची चूक आहे. ३ जानेवारी २०२५ ला सुरू झालं तर दुसरं ३१ जानेवारीलाच येतं आणि वर्षात १२ नाही, १३ भरणे होतात. म्हणजे महिन्याला ३०० नव्हे, ३२५. या ओळीत F साठी EDATE चालत नाही, तिथे =C2+28*E2 लिहायचं.

तीन महिन्यांचं देणं जानेवारीत आणि वर्षाचं जूनमध्ये येत असेल, तर जानेवारीत २००० जातात, फेब्रुवारीत ८०० आणि जूनमध्ये ३२००. वर्षाचे १५,९००, म्हणजे महिन्याला सरासरी १३२५. फेब्रुवारीतला ८०० चा आकडा पाहून नवं सबस्क्रिप्शन घेतलं तर जूनमध्ये ओढाताण ठरलेली. म्हणून शीटच्या माथ्यावर दोन आकडे शेजारी ठेवावेत: या महिन्यात प्रत्यक्ष किती जाणार आणि सरासरीने किती बाजूला काढायचे. पहिला आकडा खात्यात शिल्लक किती हवी ते सांगतो. एखादं सबस्क्रिप्शन परवडतं का, ते दुसरा सांगतो.

एक उणीव अजून आहे. २८ दिवसांचं देणं एकाच महिन्यात दोनदा आलं, तर पहिलं भरेपर्यंत दुसरं बेरजेत दिसत नाही आणि नोंद केल्याबरोबर महिन्याचा आकडा ३०० ने वाढतो. अशी एक-दोनच देणी असतील तर त्या महिन्यापुरती जादा ओळ टाकून भागतं. पण ती ओळ वेगळ्या नावाने लिहायची नाहीतर मोजणी बिघडते, आणि मूळ देण्याचं पहिलं भरल्याची नोंद झाली की लगेच काढायची, नाहीतर तेच ३०० दोनदा धरले जातात. दर आठवड्याची देणी बरीच असतील, तर ही शीट सोडून प्रत्येक भरण्याची स्वतंत्र ओळ वर्षभरासाठी आधीच लिहून ठेवणारी मांडणी घ्यावी.