परिपाठातली एका मिनिटाची सूचना : एका सत्राहून जास्त वापरल्यावरचा अनुभव

परिपाठात सूचना वाचायचं काम माझ्याकडे आल्यापासून मी ते एका साध्या तक्त्यावर करते. अर्धा कागद आणि त्यावर चार रकाने : कोणी, काय, कधी, कुठे किंवा कोणाकडे. ऑफिसातून, क्रीडाशिक्षकांकडून, वाचनालयातून आलेल्या चिठ्ठ्या आदल्या दिवशी यात उतरवायच्या आणि सकाळी कागद हातात घेऊन एका मिनिटात बोलून मोकळं व्हायचं. एक सत्र उलटून गेलं आहे, तेव्हा आता त्यावर काही म्हणायला हरकत नाही.

आधी मिनिटाचा हिशेब. माईकवर, तारखेपाशी थोडं थांबत बोललं तर मिनिटाला नव्वदच्या आसपास शब्द होतात. वर्गात आपण याहून भरभर बोलतो. पण मैदानावर कर्ण्याचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि भरभर बोललेले दोन शब्द एकमेकांवर चढतात. म्हणून नव्वद शब्द हीच मर्यादा धरायची. एका सकाळी माझ्याकडे आलेल्या चिठ्ठ्यांचे शब्द अडीचशेच्या घरात होते. तशाच वाचल्या असत्या तर जवळजवळ तीन मिनिटं गेली असती.

त्यातली प्रदर्शनाची चिठ्ठी अशी होती : ‘सर्व विद्यार्थ्यांना कळविण्यात येते की, आपल्या शाळेत प्रतिवर्षाप्रमाणे याही वर्षी शुक्रवार दिनांक 19 रोजी सकाळी 10 वाजता सभागृहात विज्ञान प्रदर्शन आयोजित करण्यात आले आहे. तरी सहभागी होऊ इच्छिणाऱ्या इयत्ता पाचवी ते सातवीच्या विद्यार्थ्यांनी आपली नावे गुरुवार दिनांक 11 पर्यंत विज्ञान विषयाच्या शिक्षिकांकडे नोंदवावीत, याची सर्वांनी नोंद घ्यावी.’

‘कळविण्यात येते’, ‘प्रतिवर्षाप्रमाणे’, ‘नोंद घ्यावी’ हे सगळं बिनदिक्कत कापता येतं, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. खरी गोची दोन तारखांची आहे. प्रदर्शन 19 ला आणि नाव द्यायची मुदत 11 ला. चिठ्ठीत मोठा दिवस आधी येतो, मुलं तोच धरून ठेवतात आणि 12 तारखेला शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहतात : ‘बाई, नाव अजून घेताय ना?’ म्हणून क्रम उलटा करायचा. मुलाने जे आधी करायचं ते आधी सांगायचं, कार्यक्रम नंतर. माझ्यासाठी या तक्त्यातली सगळ्यात उपयोगाची गोष्ट हीच. ‘कधी’च्या रकान्यात दोन तारखा आल्या की हात आपोआप थांबतो.

त्या सोमवारी, म्हणजे 8 तारखेला, शेवटी माईकवर गेलं ते असं :

‘पाच सूचना. सातवी ब, सानिका आणि रेहान. आठवी अ, ओजस आणि तन्वी : रिलेचा सराव आज साडेचारला, मैदानावर. सहावीचे सगळे : आरोग्य तपासणी बुधवारी, दहा तारखेला. पालकांची सही असलेलं कार्ड सोबत आणा. पाचवी ते सातवी : विज्ञान प्रदर्शनासाठी नाव गुरुवार, अकरा तारखेपर्यंत विज्ञानाच्या बाईंकडे द्या. प्रदर्शन शुक्रवारी, एकोणीस तारखेला, सकाळी दहाला, सभागृहात. सगळे वर्ग : वाचनालयाची पुस्तकं सोमवार, एकोणतीस तारखेपर्यंत परत करा. आठवी अ ची मीरा चित्रकला स्पर्धेत पहिली आली, तिचं अभिनंदन. पुन्हा ऐका : तपासणी बुधवार, दहा. नाव द्यायचं गुरुवार, अकरा. प्रदर्शन शुक्रवार, एकोणीस. पुस्तकं सोमवार, एकोणतीस.’

नावाच्या आधी वर्ग का, तर ‘सातवी ब’ म्हटल्यावर ती रांग कान टवकारते आणि पुढचं नाव तिला नीट ऐकू येतं. आधी नाव घेतलं तर ते निम्म्या मुलांच्या कुजबुजीत जातं. एकाच वर्गात एका नावाची दोघं असतील तर आडनाव जोडायचं, तिथे काटकसर नको. आणि उच्चाराची शंका असली तर त्या मुलालाच आधी विचारून कागदावर तसं लिहून ठेवायचं. चुकीचं नाव पुकारलं की रांगेत हशा पिकतो आणि पुढची सूचना त्यात वाहून जाते.

तारीख वारासकटच सांगायची, हा नियम मी मोडत नाही. कर्ण्यावर ‘एकोणीस’ आणि ‘एकोणतीस’ मागच्या रांगेत सारखेच ऐकू येतात. ‘शुक्रवार, एकोणीस’ आणि ‘सोमवार, एकोणतीस’ म्हटलं की घोळ उरत नाही. वाराचा दुसरा फायदा मला नंतर कळला : चिठ्ठी लिहिणाऱ्याची चूक इथेच सापडते. ‘गुरुवार, 12’ असं आलं आणि कॅलेंडरात 12 ला शुक्रवार असला, तर दोन्हींपैकी खरं काय ते विचारूनच यायचं, अंदाजाने दुरुस्त करायचं नाही. ‘परवा’ हा शब्द तर मी कागदावरूनच हद्दपार केला आहे.

सूचना विद्यार्थी वाचणार असेल तर तारीख अक्षरांत लिहून द्या. आकडा दिला की चांगली वाचणारी मुलंही 29 पाशी क्षणभर अडखळतात, मग कोणी ‘ट्वेंटी नाईन’ म्हणून सुटतं, कोणी ‘एकोणचाळीस’ म्हणून जातं.

पोचलं की नाही हे कसं कळतं? पहिल्या तासाला मागच्या रांगेतल्या दोघांना विचारायचं, प्रदर्शनासाठी नाव कधीपर्यंत? उत्तर ‘19’ आलं तर क्रम चुकला असं समजायचं. नुसतं ‘लवकर’ आलं तर तारखेपाशी थांबा कमी पडला.

आता तक्रारी. लांब नावांच्या यादीपुढे हा तक्ता हात टेकतो. एक नाव वर्गासकट घ्यायला दोनेक सेकंद लागतात, म्हणजे वीस नावं घेतली की चाळीस सेकंद संपले. मग बाकीच्या सूचनांना जागा कुठली? अशा वेळी यादी पूर्ण ठेवायची पण परिपाठातून काढून वर्गशिक्षकांकडे द्यायची. ‘इत्यादी विद्यार्थी’ म्हणून कापायची नाही, कारण ज्याचं नाव ‘इत्यादी’त गेलं तो येतच नाही. मूळ चिठ्ठ्या जशाच्या तशा फलकावर लागतात, त्यामुळे कारणं, अटी, संपर्क तिथे वाचता येतात. उशिरा आलेल्या मुलांना मात्र एका मिनिटाच्या सूचनेचा काही उपयोग नाही, त्यांच्यासाठी फलकच.

एका सहकाऱ्यांना ही पद्धत कोरडी वाटते. त्यांचं म्हणणं, ‘कृपया’ आणि ‘धन्यवाद’ गेले की शाळेची सूचना वाटत नाही. मी एक ‘कृपया’ ठेवते, तोही पालकांकडून काही मागायचं असलं तरच. अभिनंदन मात्र कापत नाही. मीराचं वाक्य सहा-सात सेकंदांचं होतं आणि ते वगळून फारसा वेळ वाचला नसता.

सगळ्यात जास्त वैताग येतो तो परिपाठ चालू असताना पुढे सरकवलेल्या चिठ्ठीचा. ती मी मध्ये घुसवत नाही. घुसवली की शेवटची उजळणी तुटते आणि आधीच्या तारखा विस्कटतात. ती उजळणीनंतर, तीही आजचीच असेल तर. नाहीतर उद्याच्या तक्त्यावर पहिल्या ओळीत.