सिरीज लॅम्प, मल्टिमीटर की मेगर: नवीन वायरिंग चालू करण्याआधी शॉर्ट कशाने बघायचा?

आमच्याकडे वर एक खोली वाढवली, वायरिंग नवीन झालं, आणि सप्लाय द्यायच्या दिवशी वायरमनदादा पिशवीतून लाकडी बोर्डावर बसवलेला १०० वॅटचा साधा तारेचा बल्ब, म्हणजे सिरीज लॅम्प, काढून बसले. शेजारचे काका म्हणाले, आता मल्टिमीटर चारपाचशेला मिळतो, हे जुनं कशाला? तेव्हापासून दोन्ही वापरून बघितलंय, त्यामुळे ज्यांना ठरवायचंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितोय.

आधी काहीच न तपासता डायरेक्ट एमसीबी वर करायचा पर्याय. बरेच जण हेच करतात, पडली तर शॉर्ट आहे, नाही पडली तर नाही. एमसीबी पडते हे खरं, पण पडेपर्यंतच्या त्या क्षणात शेकडो अँपिअर करंट जाऊन गेलेला असतो, त्यामुळे जिथे तारा चिकटल्यात तिथे काळं होतं, इन्सुलेशन भाजतं, आणि ते होल्डरमध्ये किंवा भिंतीतल्या पाइपात झालं तर दिसतही नाही. शिवाय नक्की कुठे शॉर्ट आहे ते कळत नाही, परत परत एमसीबी वर करून बघावं लागतं. हा पर्याय मी मोजतच नाही.

सिरीज लॅम्पमध्ये बल्ब फेजच्या वाटेत बसतो, म्हणजे सर्किटला मिळणारा सगळा करंट बल्बमधून जातो. पुढे अख्खा शॉर्ट असला तरी १०० वॅटचा बल्ब २३० व्होल्टला साधारण ०.४३ अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, तो पूर्ण उजेडात पेटतो आणि बाकी काहीच होत नाही, ना ठिणगी ना एमसीबी पडणं. सगळं नीट असेल तर बल्ब विझलेला राहतो. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे स्विचबोर्डवरचा छोटा लाल इंडिकेटर. सर्किट चांगलं असेल तर सिरीजचा बल्ब बंद आणि इंडिकेटर चालू, कारण इंडिकेटर इतका कमी करंट घेतो की सगळं व्होल्टेज त्याच्यापर्यंत पोचतं. शॉर्ट असेल तर उलटं, बल्ब झगझगीत आणि इंडिकेटर मेलेला. दोन दिव्यांकडे बघूनच निकाल कळतो.

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. दादांनी नवीन खोलीच्या फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग तिघांची टोकं डीबीतून, म्हणजे एमसीबी बसवलेल्या डब्यातून, मोकळी काढली, सगळे बल्ब आणि पंखा काढून ठेवला, आणि सिरीज बोर्डाची दोन टोकं फेज-न्यूट्रलला लावली. सगळे स्विच बंद, बल्ब बंद, ठीक. मग एकेक स्विच चालू करत गेले, पहिला, दुसरा काही नाही, तिसरा टाकला आणि बल्ब एकदम पूर्ण पेटला. तिसरा स्विच खिडकीवरच्या लाइटचा होता. म्हणजे शॉर्ट मेन लाइनमध्ये नाही, त्या स्विचच्या पुढेच आहे, हे तिथल्या तिथे कळलं. होल्डर उघडला तर मल्टिस्ट्रँड वायरचा एक सुटा तंतू दुसऱ्या स्क्रूला टेकला होता. सप्लाय काढून तो कापला, परत लावलं, बल्ब विझला. स्विच बंद ठेवून तपासलं असतं तर हे सापडलंच नसतं, मग टेस्ट कशानेही करा. जिन्याचा टू-वे स्विच असेल तर दोन्ही बाजूंच्या सगळ्या पोझिशन बघाव्या लागतात.

मग तेच फेज-अर्थिंग आणि न्यूट्रल-अर्थिंगमध्ये. न्यूट्रल-अर्थिंग लोक विसरतात, आणि नंतर अर्थिंगकडे करंट गळला की सप्लाय तोडणारा आरसीसीबी का पडतोय म्हणून डोकं धरतात.

आता मल्टिमीटर. हेच सगळं कंटिन्युइटीच्या, म्हणजे दोन टोकं आतून जोडलेली असली की वाजणाऱ्या, बीपवर होतं, आणि सप्लाय पूर्ण बंद ठेवून होतं, हा फार मोठा फायदा आहे. कारण सिरीज लॅम्पबद्दल एक घातक गैरसमज आहे, की बल्ब मध्ये आहे म्हणजे शॉक बसणार नाही. साफ चूक. बल्ब विझलेला असताना पुढच्या टोकावर पूर्ण २३० व्होल्ट असतात, आणि अंगातून जीव जाण्याइतका करंट जायला बल्ब काहीच आडवा येत नाही, कारण तेवढ्या करंटला तो पेटतही नाही. बल्ब वायरला वाचवतो, माणसाला नाही. म्हणून घरमालकाने स्वतः बघायचं असेल तर मी मल्टिमीटरच सांगेन, तोही मेन बंद करून आणि टेस्टरने खात्री करून.

मल्टिमीटरची कमजोरी म्हणजे तो दोनतीन व्होल्टवर बघतो, त्यामुळे ओल किंवा नुसता टेकल्यासारखा तंतू कधीकधी त्याला दिसत नाही, २३० व्होल्ट मिळाल्यावर मात्र तो जागा होतो. लॅम्प खऱ्या व्होल्टेजवर बघतो.

दोघेही एका ठिकाणी सारखेच फसतात. २००० वॅटचा गीझर जोडलेला राहिला आणि त्याचा स्विच चालू असला तर त्याचा रेझिस्टन्स २६ ओहमच्या आसपास असतो, सिरीजचा बल्ब जवळपास पूर्ण पेटतो आणि बरेच मल्टिमीटर बीपही देतात. शॉर्ट नसतोच. म्हणून गीझर, इस्त्री सगळं आधी काढा. पंखा राहिला तर बल्ब मंद दिसतो, त्यालाही शॉर्ट समजू नका.

आणि लॅम्पला न दिसणारी गोष्ट म्हणजे गळती. समजा ओल्या भिंतीमुळे फेज आणि अर्थिंगमध्ये ५००० ओहम उरलेत, तर साधारण ४६ मिलिअँपिअर वाहतात. १०० वॅटचा बल्ब त्याला लालसुद्धा होत नाही, पण ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी चालू केल्या केल्या पडतो. तिथे मेगर लागतो, ५०० व्होल्ट डीसी देऊन तो इन्सुलेशन मोजतो, घरगुती वायरिंगला निदान १ मेगाओहम यायला हवा. एलईडी आणि इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आधी काढले नाहीत तर खराब होऊ शकतात.

सिरीज लॅम्प घ्यायचाच असेल तर बल्ब तारेचाच हवा, एलईडी चालत नाही, आणि पिन तीन पायांची लावा. टू-पिन उलटी लागली तर बल्ब न्यूट्रलमध्ये जातो आणि फेज सरळ सर्किटच्या न्यूट्रलला पोचतो, ते टोक डीबीच्या न्यूट्रल बारला जोडलेलं राहिलं असेल तर तोच डेड शॉर्ट. म्हणूनच दादांनी तिन्ही टोकं आधी मोकळी केली होती.

मी ठरवलेला क्रम असा: स्वतः मल्टिमीटरने सगळे स्विच चालू-बंद करून बघायचं, मग वायरमनकडून लॅम्पवर, आणि भिंतीला ओल असेल, वायरिंग कन्सील्ड असेल किंवा आरसीसीबी पडत असेल तर मेगर. महावितरणच्या नवीन कनेक्शनसाठी लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचा टेस्ट रिपोर्ट लागतोच, तेव्हा त्यांना मेगरचं रीडिंग समोर दाखवायला सांगा.