रंग सुधारला तर चालतो, चेहरा बदलला तर फोटो बाद

रामकुंडावरच्या संध्याकाळच्या आरतीचा फोटो घ्या. पिवळ्या दिव्यांमुळे पांढरी धोतरंही केशरी दिसतात. वृत्तपत्राच्या डेस्कवर व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोतल्या रंगांचा तोल, निळ्याकडे सरकवला की ती पुन्हा पांढरी होतात. बदल सगळ्या फ्रेमला सारखा लागतो आणि कॅमेऱ्याने टिपलेल्या मूळ रॉ फाइलशी ताडून पाहता येतो.

त्याच फोटोत एका पुजाऱ्याचे डोळे मिटलेत. पुढच्या फ्रेममध्ये उघडे आहेत. माणूस तोच, जागा तीच. तो चेहरा इथे चिकटवला तर? बदललेले पिक्सेल रंगदुरुस्तीपेक्षा कितीतरी कमी, तरीही फोटो बाद, कारण वाचकाला दिसणारा क्षण घडलेलाच नसतो. त्यापेक्षा सरळ दुसरी फ्रेम छापावी. असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था तर फ्लॅशमुळे लाल झालेले डोळेही दुरुस्त करू देत नाही. शंका आली तर मानेची कड आणि नाकाच्या सावलीची दिशा आधी पाहावी. जोड बहुधा तिथेच उघडा पडतो.

रंगालाही मोकळं रान नाही, बरं का. जून १९९४ मध्ये ‘टाइम’ या अमेरिकी साप्ताहिकाने खुनाच्या आरोपात अटक झालेला कृष्णवर्णीय फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर गडद करून छापला. ‘न्यूजवीक’ने तोच फोटो तसाच छापला होता, त्यामुळे काळवंडलेली त्वचा स्टॉलवरच उघडी पडली.