गिफ्ट व्हाउचर, आठ महिन्यांनंतर: पट्टी चांगली, पण शिल्लक रकमेचं काय?

सलूनसाठी छापून घेतलेली व्हाउचर आठ महिने वापरात आहेत. कागद आणि सोनेरी अक्षरांबद्दल लिहीत नाही, ते सगळ्यांचं छानच येतं. खरी परीक्षा काउंटरवर होते.

क्यूआर कोडचे जादा पैसे वाया गेले. त्यात व्हाउचरचा क्रमांकच असतो आणि मोबाइलवरचा फोटोही तितकाच नीट स्कॅन होतो. त्यापेक्षा पिनवरची स्क्रॅच पट्टी बरी. पट्टी शाबूत म्हणजे व्हाउचर कोरं, हे बघताक्षणी कळतं. पहिले तीन महिने यावर पूर्ण समाधान होतं.

मग घोळ सुरू झाला तो शिल्लक रकमेचा. समजा, व्हाउचर २,००० चं आहे आणि पहिलं बिल १,२५० चं झालं. रजिस्टरमध्ये ७५० शिल्लक राहतात. पट्टी एव्हाना खरवडलेली, पिन काउंटरला माहीत. संध्याकाळी दुसरंच गिऱ्हाईक ७५० रोख देऊन जातं. काउंटरवरच्याने ते बिल या व्हाउचरवर टाकायचं आणि रोख खिशात घालायची. गल्ला जुळतो, कारण रोखीची नोंदच झालेली नसते. बिल बनलेलं असल्यामुळे स्टायलिस्टला कमिशनही मिळतं, म्हणजे तिकडूनही तक्रार नाही. चोरी उघडी पडते ती खरा मालक व्हाउचर घेऊन येतो तेव्हा, आणि तो कधी येईल याचा नेम नाही.

म्हणून आता शिल्लक जुन्या व्हाउचरवर ठेवणं बंद. पहिल्या वापरालाच व्हाउचर काढून घ्यायचं, पंचने भोक पाडून बिलाला टाचायचं आणि ७५० चं नवं, न खरवडलेलं व्हाउचर द्यायचं. त्यावर तारीख मूळचीच घालायची, नाहीतर मुदत आपोआप वाढत जाते. रजिस्टरमध्ये जुन्या नोंदीसमोर नवा क्रमांक लिहायचा. रात्री व्हाउचरवरची बिलं आणि भोक पाडलेली व्हाउचरं समोरासमोर ठेवून मोजायची, आणि ती मोजणी काउंटरवर न बसणाऱ्याने करायची. व्हाउचरं जास्त छापावी लागतात, खर्च वाढतो, त्याची कुरकुर आहेच. तरी एका चोरीपेक्षा स्वस्त.

मुदतीचंही याच्याशीच नातं आहे. 'एक वर्ष वैध' एवढंच छापलं की वर्ष कधीपासून, यावर वाद होतो. शेवटच्या तारखेची जागा कोरी ठेवून विकताना शिक्का मारावा, आणि त्या तारखेपर्यंत सेवा घ्यायची की नुसती वेळ ठरवली तरी चालेल, हेही छापावं. मुदत संपलेली व्हाउचरं दर महिन्याला रजिस्टरमध्ये बंद करावीत. त्यांचा मालक बहुधा येणार नसतो, त्यामुळे रोख वळवायला तीच सर्वांत सोयीची. उशिरा आलेल्याला सवलत द्यायची असेल तर सही सलूनच्या मालकाची, काउंटरची नाही.

पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण क्यूआर कोडने खाल्ला.