वीर्यपतनानंतर दुखतं: पुन्हा अँटिबायोटिक की फिजिओथेरपी?

चौतिशीतल्या एका मित्राचा प्रश्न. वीर्यपतनानंतर तासाभरात वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या जागी ठणका लागतो, दुसऱ्या दिवशीही बसवत नाही. म्हणून तो बायकोपासून लांब झोपतो. तिला वाटतं, मन उडालं. अँटिबायोटिकचा एक कोर्स झालाय. दुसरा घ्यावा की ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची फिजिओथेरपी?

आधी कारण बघू. प्रोस्टेटमध्ये जंतू आहेत का ते कळायला प्रोस्टेटच्या मसाजआधीची आणि नंतरची लघवी कल्चरला द्यायची. जंतू सापडले तर चार ते सहा आठवडे अँटिबायोटिक, तिथे दुमत नाही. पण अशा बहुतेक पुरुषांत जंतू सापडतच नाहीत. दुखणं बऱ्याचदा आखडलेल्या स्नायूंचं असतं आणि वीर्यपतनाच्या वेळी तेच स्नायू जोरात आवळतात.

खर्च, कष्ट गोळ्यांना कमी. मात्र सिप्रोफ्लॉक्सासिन गटातल्या गोळ्यांनी कधी स्नायुबंध दुखावतात, आणि सुरुवातीचा आराम टिकेलच असं नाही. फिजिओथेरपी महाग, आठवड्याला एकदा अशी दोन-तीन महिने. गुदद्वारातून बोटाने आखडलेल्या स्नायूंच्या गाठी सैल करतात, हे ऐकूनच निम्मे पळतात! घरी स्नायू सैल सोडायचा सराव. यूट्यूबवरचे स्नायू आवळायचे केगेल व्यायाम इथे उलट त्रास वाढवू शकतात.

कल्चरमध्ये जंतू असतील त्याने गोळ्या घ्याव्यात. कल्चर कोरं, एक कोर्स वाया गेलेला आणि दाबल्यावर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू दुखतात, त्याने फिजिओथेरपी. ताप, थंडी किंवा लघवी अडली तर थेट डॉक्टर.