'सगळ्या रेडिओला चालणाऱ्या' सर्वो एक्स्टेंशन वायरी: काही महिन्यांच्या वापरानंतर

रिमोटच्या विमानात सर्वो, म्हणजे पाती हलवणारी छोटी मोटर, रिसीव्हरपासून लांब असली की मधे जोडायच्या या वायरी. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. वायर मऊ आहे, लांबी पाकिटावर लिहिलीये तेवढीच भरते, पिना सैल पडल्या नाहीत, आणि या किमतीत एवढं मिळालं की मी सहसा गप्प बसतो. पण पाकिटावर 'सगळ्या रेडिओला चालेल' असं जे छापलंय ना, त्यावरून माझं डोकं सटकलंय, म्हणून हे सगळं.

एका ग्लायडरमध्ये माझ्याकडे फुताबाचे, हायटेकचे आणि जेआरच्या प्लगचे असे सर्वो एकत्र आहेत, जे हाताला लागलं ते बसवलंय. तिघांचा क्रम एकच, एका कडेला सिग्नल, मधे प्लस, दुसऱ्या कडेला मायनस, आणि पिनांमधलं अंतरही तेच २.५४ मिमी. रंग तेवढे वेगळे. फुताबाचं पांढरा-लाल-काळा, हायटेकचं पिवळा-लाल-काळा, जेआरचं केशरी-लाल-तपकिरी. म्हणजे लाल मधे, फिकी ती सिग्नल, गडद ती मायनस, एवढं ध्यानात ठेवलं की भागतं. प्लगचा आकार मात्र वेगळा. फुताबाच्या प्लगला एका कडेला पातळ पट्टी असते आणि त्यांच्या रिसीव्हरला त्या पट्टीपुरती खाच, त्यामुळे उलटा घालायला गेलं तर जातच नाही. जेआर आणि हायटेकच्या प्लगला पट्टी नाही, नुसते कोपरे तासलेले. फुताबाचा प्लग दुसऱ्यांच्या सॉकेटात घालायचा तर ती पट्टी ब्लेडने तासून टाकावी लागते. माझ्या या वायरींना पट्टी मुळातच नाही, कोपरेही नीट तासलेले नाहीत, म्हणून त्या सगळ्या रेडिओला 'चालतात'. चालतात म्हणजे काय, कशाही जातात!

सुरुवातीला मला हे आवडलं होतं, खरंच. पट्ट्या तासत बसायला नको, एकच वायर कुठेही लावा. मग एका पाकिटातली वायर एलिवेटरला, म्हणजे शेपटीच्या वर-खाली हलणाऱ्या पात्याच्या सर्वोला लावली आणि एलिवेटर मेला. मेला म्हणजे चालू केल्यावर बाकीचे सर्वो ताठ झाले, हा मात्र हाताने सहज फिरत होता, स्टिक हलवली तरी काही नाही, कान लावला तर मधेच अगदी बारीक टिकटिक. सर्वो काढून थेट रिसीव्हरला लावला तर ठणठणीत. प्लग उलटा गेलाय का तेही बघितलं, रिसीव्हरवर S, + आणि − छापलेलं आहे, पांढरी वायर S वरच होती. म्हणजे गडबड वायरीतच.

मग मीटर बीपवर टाकला आणि रिसीव्हरपासून वायर पूर्ण सोडवून दोन्ही टोकं तपासली. एका टोकाच्या सिग्नलच्या जागेवर एक प्रोब, दुसऱ्या टोकाच्या सिग्नलच्या जागेवर दुसरा, बीप नाही. तिथून मायनसच्या जागेवर नेला तर बीप. लाल ते लाल बरोबर. म्हणजे कारखान्यात एका टोकाच्या प्लगात पांढरी आणि काळी यांची अदलाबदल झालेली, आणि रिसीव्हरकडचं टोक बरोबर असल्यामुळे वरून बघून काही संशयच येत नव्हता. सर्वोकडचं टोक शेपटीच्या आत टेपखाली, तिथे कोण बघतंय.

सर्वो जळला कसा नाही, तर प्लस मधे आहे म्हणून. प्लग उलटा केला किंवा कडेच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या तरी मधला प्लस मधेच राहतो, प्लस आणि मायनस एकमेकांच्या जागी येतच नाहीत. इथे सर्वोच्या मायनसला रिसीव्हरची सिग्नल पिन मिळाली होती. आता सिग्नल म्हणजे काय, साधारण २० मिलिसेकंदांत एकदा १ ते २ मिलिसेकंदांचा पल्स, उरलेला सगळा वेळ ती पिन खालीच असते, त्यामुळे करंट तिथून परत जायला बघतो, पण त्या पिनेत मोटर ओढण्याएवढा दम नसतो. ती टिकटिक बहुतेक त्याचीच. सर्वोचं काही बिघडलं नाही, पण रिसीव्हरची ती पिन अशी ताणत ठेवू नये, शंका आली की लगेच बंद करायचं.

वायर परत पाठवायची, फोटो पाठवायचे, मग ते 'प्लग उलटा लावला असेल' म्हणणार (म्हणालेच तसं), त्यापेक्षा पिना बदलणं स्वस्त. प्लगच्या एका बाजूला तीन छोट्या खिडक्या असतात, प्रत्येकीवर प्लास्टिकची एक जीभ, ती धातूच्या पिनेला अडवून धरते. टाचणीच्या टोकाने जीभ अगदी किंचित उचलायची आणि वायर मागे ओढायची, पिन अलगद बाहेर येते. जास्त उचलली तर जीभ वाकलेलीच राहते आणि मग पिन धरत नाही, एक प्लग असा वाया घालवला. पांढरी आणि काळी जागा बदलून आत ढकलली, टक् आवाज आला, मागे हलकेच ओढून बघितलं, परत बीप टेस्ट. झालं, एलिवेटर हलला.

आता मत बदललंय. फुताबाची ती पट्टी, जिला मी इतके दिवस नुसती कटकट म्हणायचो, ती असायला हवी. ती कारखान्यातली चूक पकडत नाही हे मान्य, पण निदान माझ्या बाजूने उलटं जाणं बंद होतं, म्हणजे बिघाड शोधताना एक शंका कमी.

आणि ज्यांच्याकडे जुना माल आहे त्यांनी हे नीट वाचा. 'सगळ्यांना चालतं' हे एअरट्रॉनिक्सच्या जुन्या सर्वोंना लागूच नाही. त्यांच्यात प्लस आणि मायनस बाकीच्यांच्या उलट जागी असतात, म्हणजे मधली पिन प्लसची नाहीच. असा सर्वो आजच्या रिसीव्हरला लावला की थेट उलटी पोलॅरिटी, आतलं सर्किट जाऊ शकतं, आणि इथे मधला प्लस वाचवायला येत नाही. नंतरच्या त्यांच्या झेड प्लगचा क्रम मात्र बाकीच्यांसारखाच आहे, रंग निळा-लाल-काळा, निळी सिग्नल. इथे माझा तो फिकी-गडदचा नियम लंगडा पडतो, कमी उजेडात निळी आणि काळी सारखीच दिसते. मित्राने त्याच्या पेटीतला एक जुना सर्वो दिला तेव्हा मी आधी लाल वायर कुठे आहे ते बघितलं, कडेला होती, त्याच टाचणीने लाल आणि काळी आपसात बदलली, मग लावला. पण आधी कुणी प्लग बदलला असेल तर रंगावरही विसंबू नका, तळाचे स्क्रू काढून बोर्डावर कुठली वायर कुठे जाते ते बघा.

बाकी वायरींबद्दल तक्रार नाही. उरलेल्या सगळ्या बीप टेस्टला लावल्या, त्या बरोबर निघाल्या, दोन्ही टोकांना सिग्नलच्या कडेला पांढऱ्या पेंटचा ठिपका दिलाय. पुढचं पाकीट घेताना मात्र थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील, पट्टीवालंच घेणार, आणि जिथे पट्टी नडेल तिथे ब्लेड आहेच.