ड्यूमा की व्हिक्टर मेयर?

भाच्याने विचारलं, प्रोजेक्टला अज्ञात द्रवाचं मोलर मास काढायचंय, ड्यूमाची की व्हिक्टर मेयरची, कुठली पद्धत घेऊ. दोन्हीत द्रवाची वाफ करूनच हिशोब होतो.

सामान बघितलं तर ड्यूमा स्वस्त. फ्लास्कवर फॉइल, त्याला टाचणीचं भोक, आत ३-४ मिली द्रव आणि उकळतं पाणी, बास. सगळा द्रव उडाला की थंड करून पुसून वजन. मेयरला खास काचेची नळी, छोटी कुपी, वाफेने ढकललेली हवा पाण्यावर गोळा करायची सोय, म्हणजे जरा कटकटच.

पण अचूकपणात ड्यूमा फसवतो. आम्ही पुण्यात अ‍ॅसिटोन घेतलं होतं, २६० मिली फ्लास्क, ९८ अंश, ०.९४ बार, फ्लास्कचं वाढलेलं वजन ०.३७ ग्रॅम, उत्तर आलं ४७, खरं तर ५८! कारण थंड झाल्यावरही फ्लास्कमध्ये अ‍ॅसिटोनची वाफ असते, तिने तेवढी हवा बाहेर ठेवलेली असते, साधारण ०.०९ ग्रॅम. ती मिळवली की ०.४६, आणि उत्तर ५८.

मेयरमध्ये ही भानगड नाही, द्रव आधीच तोललेला, ०.१ ग्रॅम पुरतो, आणि नळीला बाहेरून तापवणाऱ्या वाफेचं तापमान माहीत नसलं तरी चालतं. फक्त हवेच्या दाबातून पाण्याचा बाष्पदाब वजा करायला विसरू नको. कुपी पटकन उघडली नाही तर वाफ वरच्या गार भागात जाऊन परत द्रव होते, मग उत्तर जास्त येतं.

द्रव भरपूर असेल, दुरुस्ती करायची तयारी असेल तर ड्यूमा. थेंबभरच असेल तर मेयर.